गीझरच्या आधी अर्थिंग: डोंबिवलीतल्या एका भाड्याच्या घराचं प्रकरण

डोंबिवली पूर्वेला १९८४ साली बांधलेली चार मजली इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावरचं वन बीएचके एका कुटुंबाने ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर घेतलं होतं. नवरा-बायको, एक शाळकरी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. घरमालक निवृत्त झालेले, आता मुलाकडे ठाण्याला राहतात. न्हाणीघरात आधी गॅसचा गीझर होता. खिडकी लहान असल्याने तो काढून टाकला, ते योग्यच झालं. त्याच्या जागी १५ लिटरचा, २ किलोवॅटचा विजेचा गीझर बसवायचं ठरलं. न्हाणीघराबाहेर 'पॉवर पॉइंट' आहे असं मालकांनी घर दाखवतानाच सांगितलं होतं.

गीझर बसवायला आलेल्या माणसाने पॉइंटची पट्टी उघडली, आतली तार पाहिली आणि बसवायला नकार दिला. "मॅडम, याला अर्थिंग नाही. मी बसवून गेलो आणि काही झालं तर नाव माझं," असं म्हणून तो निघून गेला. त्याचं मला कौतुक वाटतं, कारण असे प्रसंग बहुतेक वेळा 'चालतंय की' म्हणून निभावून नेले जातात. त्यानंतर त्या घरातल्या ताईंनी मला तपासणीसाठी बोलावलं. मी परवानाधारक आहे आणि जुन्या इमारतींमधली वायरिंगची कामंच जास्त करतो.

पॉइंट होता, लाइन नव्हती

तीन पिनांचा, १५ अँपिअरचा सॉकेट भिंतीवर दिसत होता. त्यामागे आलेली तार मात्र बेडरूमच्या दिव्या-पंख्याच्या लाइनमधूनच घेतलेली होती, दीड चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची. म्हणजे कोणीतरी पूर्वी ५ अँपिअरचा सॉकेट काढून मोठा बसवला होता आणि भिंतीतली तार तशीच ठेवली होती. जुन्या घरांत हे इतक्या वेळा दिसतं की मी सॉकेटच्या आकारावर विश्वास ठेवणं केव्हाच सोडलं आहे.

मीटरजवळच्या बोर्डावर चिनीमातीचे किटकॅट फ्यूज होते. एका फ्यूजमध्ये बारीक फ्यूजतारेऐवजी वायरचे चार-पाच तांब्याचे धागे पिळून बसवले होते. कधीतरी फ्यूज वारंवार उडत असणार, आणि तो उडू नये म्हणून केलेला हा उपाय. त्या दिवसापासून त्या लाइनला संरक्षणच उरलं नव्हतं. तार तापून इन्सुलेशन वितळलं असतं, तरी हा फ्यूज जागचा हलला नसता.

२ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर ओढतो. दीड चौरस मिलिमीटरच्या नव्या, धड तारेला तो ओझं होईलच असं नाही. जुन्या घरात खरा प्रश्न बहुतेक वेळा सांध्यांचा असतो. ॲल्युमिनियम मऊ असतं. स्क्रूखाली दाबलं की हळूहळू पसरतं आणि पकड सैल होते. त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. त्याला तांब्याची तार नुसती पिळून जोडली असेल आणि जागा दमट असेल, तर सांधा आणखी लवकर खराब होतो.

हे मोजता येतं, आणि तेही भिंत न फोडता. न्हाणीघराच्या सॉकेटवर काहीही चालू नसताना २३१ व्होल्ट दाखवत होते. तिथेच १००० वॅटची इस्त्री लावली आणि आकडा २२२ वर आला. त्याच वेळी मीटरपाशी घट झाली फक्त १ व्होल्टची. म्हणजे उरलेले ८ व्होल्ट घरातल्या घरात, मीटर ते सॉकेट या वाटेवर गळत होते. इस्त्री साधारण ४.२ अँपिअर घेत होती, म्हणून त्या वाटेचा रोध १.९ ओहमच्या आसपास निघाला. तारेची लांबी जाऊन-येऊन ३६ मीटर धरली, तर इतक्या जाडीच्या ॲल्युमिनियमचा स्वतःचा रोध पाऊण ओहमही होत नाही. बाकीचा सव्वा ओहम सांध्यांमध्ये बसलेला होता.

आता तिथे गीझर लावला असता तर ८ अँपिअर वाहिले असते आणि त्या सांध्यांत मिळून ७५ ते ८० वॅट उष्णता तयार झाली असती. लाकडी जंक्शन बॉक्सच्या आत, प्लास्टरखाली, रोज सकाळी अर्धा तास. इस्त्रीवर हे कळत नाही, कारण तिचा प्रवाह निम्मा असतो आणि सांध्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. 'इस्त्री चालते म्हणजे गीझरही चालेल' हा हिशोब इथे चुकतो.

अर्थिंग कुठे गेलं

गीझरमध्ये पाणी आणि तापणारी कॉइल एकाच भांड्यात असतात. कॉइलच्या नळीला कालांतराने भोक पडतं, पाणी आत शिरतं आणि टाकीचा धातू, तिथून नळाचं पाणी, सगळं विजेच्या संपर्कात येतं. पंख्याला अर्थिंग नसेल तर धोका असतोच, पण ओल्या अंगाने, अनवाणी, ओल्या फरशीवर उभं राहून वापरायच्या यंत्राचं तसं नाही. तिथे अर्थिंगवाचून सुरुवातच करता येत नाही.

न्हाणीघराच्या सॉकेटमध्ये वीज आणणारी फेज आणि ती परत नेणारी न्यूट्रल यांत २३१ व्होल्ट होते. फेज आणि अर्थची पिन यांत मल्टिमीटरचा आकडा ९० ते १०० च्या मध्ये कुठेतरी डळमळत होता. असा अधांतरी आकडा आला की समजावं, पिनेला मागे काहीच जोडलेलं नाही. खात्रीसाठी १०० वॅटचा दिवा फेज आणि अर्थ यांच्यामध्ये लावून पाहिला. तो जराही पेटला नाही.

स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या सॉकेटवर मात्र चित्र उलटं होतं. फेज ते अर्थ पूर्ण २३१, न्यूट्रल ते अर्थ शून्य. वरवर पाहता उत्तम अर्थिंग. बाजारात मिळणारा सॉकेट टेस्टर लावला तर तिन्ही दिवे 'सर्व ठीक' सांगतात. पण त्याच लाइनवर मिक्सर चालू केला तरी न्यूट्रल-अर्थमधला आकडा शून्यावरून हलेना, तेव्हा शंका आली. खरं अर्थिंग असेल तर भार पडल्यावर न्यूट्रलवर व्होल्ट-दोन व्होल्ट दिसतात, कारण न्यूट्रलची तार लांबून येते आणि तिच्यातून प्रवाह वाहत असतो. सॉकेट उघडला. अपेक्षेप्रमाणे न्यूट्रलच्या पिनेतून वायरचा एक तुकडा अर्थच्या पिनेला जोडून दिला होता.

हा तुकडा अर्थिंग नसण्यापेक्षाही वाईट आहे. मागे कुठेही न्यूट्रल तुटला, सैल झाला, तर फ्रिजच्या मोटरमधून आलेले २३० व्होल्ट परत जायला वाट नसल्याने थेट फ्रिजच्या पत्र्यावर येतात. आणि एखाद्या वायरमनने मागे फेज-न्यूट्रल उलटे जोडले, तर पत्रा सरळ फेजलाच चिकटतो. फ्रिज चालू राहतो, दिवे चालू राहतात, कोणालाही काही कळत नाही, दार उघडायला हात लावेपर्यंत.

मग मूळ अर्थिंगचं काय झालं? ते शोधताना न्हाणीघराच्या माळ्यावर एक गंजलेली क्लॅम्प सापडली. १९८४ साली वायरमनने अर्थची तार लोखंडी पाण्याच्या पाइपला बांधली होती. तेव्हा हे सर्रास चालायचं, कारण लोखंडी पाइप खाली जमिनीत जात असे. काही वर्षांपूर्वी सोसायटीने सगळे उभे पाइप बदलून प्लास्टिकचे केले. गळती थांबली, पाणी स्वच्छ झालं, आणि कोणाच्याही लक्षात न येता साऱ्या इमारतीतल्या अशा घरांचं अर्थिंग त्याच दिवशी गेलं. माळ्यावर लोखंडी पाइपाचा हातभर तुकडा उरला होता, दोन्ही टोकांना प्लास्टिक. तार अजूनही त्यालाच बांधलेली होती. तुमच्या इमारतीत असं पाइपांचं काम झालं असेल, तर हीच शंका तुम्हीही घ्या.

ताईंनी मध्येच विचारलं, "वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात, त्या यामुळेच का?" हो, यामुळेच. अशा यंत्रांत फेज आणि न्यूट्रल या दोघांकडून पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा बारीकसा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा निम्म्या व्होल्टेजला तरंगत राहतो आणि मुंग्या येतात. त्या मुंग्यांनी सहसा जीव जात नाही, पण पत्रा जमिनीला जोडलेला नाही हे त्या स्पष्ट सांगत असतात.

काकांशी पहिलं बोलणं

ताईंनी फोन केला तेव्हा घरमालक काकांचं म्हणणं साधं होतं. "अहो ताई, आम्ही तीस वर्षं राहिलो त्या घरात. कधी कोणाला शॉक बसला नाही. आणि तुम्ही ११ महिन्यांनी जाणार, मी सगळ्या घराची वायरिंग कशाला काढू?" त्यांनी ओळखीच्या वायरमनकडून अंदाज मागवला होता. त्याने पूर्ण घराची वायरिंग भिंती खोदून बदलण्याचे ६८ हजार सांगितले. त्या घराचं भाडं महिना १४ हजार. म्हणजे जवळजवळ पाच महिन्यांचं भाडं एका गीझरपायी.

त्या वायरमनने स्वस्तातला उपायही सुचवला होता: न्यूट्रलमधून अर्थ घ्यायचा. म्हणजे स्वयंपाकघरात जे झालं होतं, तेच न्हाणीघरात.

काकांना हट्टी म्हणणं मला पटत नाही. तीस वर्षं त्या घरात विजेचा गीझर नव्हताच, आणि ते राहत होते तेव्हा बराच काळ पाइपही लोखंडी होते. त्यांचा अनुभव खरा होता, फक्त ज्या घराचा होता ते घर आता राहिलं नव्हतं. शिवाय 'वायरिंग बदला' ही मागणीच अशी आहे की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खोदलेल्या भिंती, रंगकाम आणि लाखाचा खर्च येतो. मागणी नेमकी असती तर नकार देणं त्यांनाही अवघड गेलं असतं.

म्हणून आम्ही मागणी बदलली. पूर्ण वायरिंगचा विषय सोडला. चार गोष्टी ठरवल्या: मीटरपासून न्हाणीघरापर्यंत गीझरसाठी वेगळी, स्वतंत्र लाइन. खरं, जमिनीपर्यंत जाणारं अर्थिंग. किटकॅट काढून जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा एमसीबी आणि विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. आणि स्वयंपाकघरातला तो वायरचा तुकडा काढून तिथेही अर्थिंग देणं. तार भिंतीवरून पांढऱ्या पीव्हीसी केसिंग-कॅपिंगच्या पट्टीतून न्यायची, म्हणजे खोदकाम नाही आणि रंगकामही नाही. या कामाचा अंदाज १७ हजार ५०० रुपये आला.

ताईंनी काकांना जो मजकूर पाठवला, तो त्यांच्या परवानगीने इथे देतो. वादात लागलेले शब्द त्यात नाहीत, आणि ते कामी आलं.

"काका, नमस्कार. गीझर बसवण्याआधी परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घेतली. सोबत फोटो आणि मोजणीचे आकडे पाठवत आहे. न्हाणीघराच्या पॉइंटला अर्थिंग नाही. पूर्वी ते लोखंडी पाइपला होतं, पाइप बदलल्यावर तुटलं. स्वयंपाकघरात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले सापडले. बेडरूमच्या फ्यूजमध्ये जाड तार आहे. दुरुस्ती होईपर्यंत आम्ही गीझर बसवणार नाही आणि न्हाणीघराचा सॉकेट वापरणार नाही. पूर्ण वायरिंग बदलायची मागणी नाही. सोबतच्या अंदाजातली चार कामं करण्याची आपली लेखी संमती हवी आहे. गीझर, त्याचा स्विच-सॉकेट आणि तो बसवण्याचा खर्च आमचा. भिंतीवर कायम राहणारी लाइन, अर्थिंग आणि बोर्ड हे आपल्या घराचं होईल, म्हणून त्याचा खर्च आपण करावा अशी विनंती. रक्कम एकदम देणं सोयीचं नसेल तर आम्ही भरून तीन महिन्यांच्या भाड्यात वळती करायला तयार आहोत. कृपया १५ दिवसांत कळवावं."

यातलं 'दुरुस्ती होईपर्यंत वापरणार नाही' हे वाक्य मला सर्वात मोलाचं वाटतं. धोका माहीत असून वापरत राहिलात तर उद्या काही झाल्यावर बोट तुमच्याकडेच वळेल. आणि मालकालाही दिसतं की मागणी सोयीसाठी नसून सुरक्षेसाठी आहे.

कायदा कुठपर्यंत साथ देतो

काकांच्या मुलाने विचारलं, "कायद्याने हे आमच्यावर बंधनकारक आहे का?" प्रश्न रास्त होता, आणि इथे बरेच लोक गोंधळतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवणं हे घरमालकाचं कर्तव्य आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. पागडीच्या किंवा जुन्या भाडेपट्ट्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी हे कलम फार उपयोगाचं आहे.

पण लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, तो परवानगीने राहणारा असतो. त्याला या कलमावर भिस्त ठेवता येत नाही. त्याचा आधार म्हणजे त्याचा नोंदणीकृत करार. आणि बहुतेक करारांत मालकाच्या लेखी परवानगीशिवाय जागेत बदल करायचा नाही, असं कलम असतं. म्हणून ताईंनी स्वतःहून काम करून पैसे कापून घेतले असते, तर करार त्यांनीच मोडला असता. संमती लेखी घेण्यावर माझा भर होता तो यासाठी.

मग मालकाने विचार का करावा? एक तर वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं लागतं, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत आहे; दिवा किंवा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं त्यातून वगळली आहेत. दुसरं म्हणजे वीजजोडणी काकांच्या नावावर होती. वीज कंपनीच्या दृष्टीने ग्राहक तेच. बिलावर मंजूर भार १ किलोवॅट लिहिलेला होता, आणि एकटा गीझरच २ किलोवॅटचा. भार वाढवण्याचा अर्ज ग्राहकाच्याच नावाने करावा लागतो आणि त्यासोबत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. म्हणजे हे काम काकांना वगळून होणारच नव्हतं.

हे सगळं मी मुलाला फोनवर सांगितलं. त्याने काकांना घेऊन यायचं ठरवलं. काकांनी स्वतः दिव्याची चाचणी पाहिली. न्हाणीघरात दिवा पेटला नाही, तेव्हा ते थोडा वेळ माळ्यावरच्या क्लॅम्पकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ही क्लॅम्प मी स्वतः बसवून घेतली होती हो." त्यानंतर संमतीचं बोलणं पाच मिनिटांत झालं.

जमिनीतला भाग

दुसऱ्या मजल्यावरच्या घराला अर्थिंग द्यायचं तर ते खाली जमिनीतूनच यायला हवं. वीजपुरवठादाराने ग्राहकाच्या जागेत पुरवठा सुरू होतो तिथे अर्थचं टर्मिनल द्यावं, असा नियम आहे. इथे मीटरखोलीत एक जुना अर्थ होता. अर्थ टेस्टरने मोजला तर ४१ ओहम.

या ४१ ओहमचा अर्थ काय होतो ते पाहा. गीझरचा फेज टाकीला चिकटला तर २३० भागिले ४१, म्हणजे जास्तीत जास्त साडेपाच अँपिअर वाहतील. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो एक साधा, नेहमीचा भार वाटेल. तो कधीच पडणार नाही. टाकी आणि नळ जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टला राहतील. हिरवी तार जोडलेली, सॉकेट टेस्टर खूश, आणि माणूस धोक्यात.

सोसायटीच्या सचिवांना हे सांगितल्यावर नवा अर्थपिट सोसायटीच्या खर्चाने करायचं ठरलं, कारण त्याचा फायदा सगळ्यांनाच होता. इमारतीपासून दीड मीटर सोडून खड्डा घेतला, अडीच मीटर लांबीचा, ४० मिलिमीटर व्यासाचा गॅल्व्हनाइज्ड पाइप उभा पुरला आणि भोवती कोळसा व मिठाचे थर दिले. वर पाणी घालायला फनेल आणि झाकण. तिथून मीटरखोलीपर्यंत पट्टी आणली. नवा आकडा ३.८ ओहम आला. उन्हाळ्यात माती सुकते तसा तो वाढतो, म्हणून मार्चपासून पिटमध्ये पाणी घालायचं काम वॉचमनकडे दिलं.

पण ३.८ ओहमनेही एमसीबी लगेच पडेलच असं नाही. हिशोबाने कमाल ६० अँपिअर येतात, प्रत्यक्षात ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थचा रोधही मध्ये असल्याने कमीच. आणि १६ अँपिअरचा बी प्रकारचा एमसीबी क्षणात पडायला ४८ ते ८० अँपिअर लागतात, सी प्रकाराला ८० ते १६०. म्हणून आरसीसीबी हवाच. तो जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांची तुलना करतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडतो.

इथे मुलाने विचारलं, "मग नुसता आरसीसीबी लावू, अर्थिंगचा खर्च कशाला?" नुसता आरसीसीबीही माणसाला वाचवतो, पण अर्थिंग नसेल तर गळती जमिनीत जायची पहिली वाट माणसाच्या शरीरातून असते. तो पडतो तो झटका बसल्यावर. अर्थिंग असेल तर दोष निर्माण झाल्या क्षणीच पडतो, तेव्हा न्हाणीघरात कोणी नसलं तरी. सत्तरीच्या बाईला झटका बसून ती ओल्या फरशीवर पडणं हे विजेइतकंच गंभीर असू शकतं.

काम आणि त्यानंतर

मीटरखोलीतून अर्थची तार वर आणली. घरात नवा बोर्ड बसवला: डबल पोल मुख्य एमसीबी, त्यामागे आरसीसीबी, मग प्रत्येक लाइनला वेगळा एमसीबी. जुन्या बेडरूम लाइनला मुद्दाम ६ अँपिअरचाच दिला, म्हणजे कोणी तिथे पुन्हा मोठं यंत्र लावलं तर तो पडेल. गीझरसाठी फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या, मध्ये एकही सांधा नाही. स्विच डबल पोल, २० अँपिअरचा, निर्देशक दिव्यासह, न्हाणीघराच्या बाहेर.

पहिल्या दिवशी आरसीसीबी चालू केला आणि फ्रिज लावताच तो पडला. ताई घाबरल्या. फ्रिजचा तुकडा काढलेला होता, पण तसाच दुसरा तुकडा ओट्यावरच्या मिक्सरच्या सॉकेटमध्ये सापडला. तो काढल्यावर शांत झालं. असा प्रसंग आला की काही लोक आरसीसीबीच खराब आहे म्हणून काढून टाकतात. तो पडतो आहे म्हणजे कुठेतरी वीज नको त्या वाटेने जाते आहे, आणि ती वाट शोधायची असते.

शेवटी पुन्हा मोजलं. गीझर चालू असताना न्हाणीघरात २२७ व्होल्ट, म्हणजे फक्त चार व्होल्टची घट, त्यातली निम्मी बाहेरची. दिवा फेज-अर्थमध्ये लावताच आरसीसीबी तत्क्षणी पडला. भार वाढवण्याचा अर्ज काकांच्या मुलाने भरला, चाचणी अहवाल मी दिला, मंजूर भार ४ किलोवॅट झाला.

खर्चाची वाटणी अशी झाली: १७ हजार ५०० पैकी काकांनी १३ हजार ९०० दिले, तेही भाड्यात वळते न करता सरळ. गीझरचा स्विच, सॉकेट आणि त्यांची मजुरी, ३ हजार ६०० रुपये, ताईंचे. करार नूतनीकरणाला आला तेव्हा सोबत एक पान जोडलं. त्यात बोर्डावरच्या वस्तू, गीझरची लाइन, अर्थिंग मोजल्याची तारीख आणि आकडा, आणि घर सोडताना गीझर ताई नेतील पण स्विच-सॉकेट जागेवर राहील, हे लिहिलं.

घरातलं सगळं काम झालेलं नाही. बेडरूम आणि बाहेरच्या खोलीची ॲल्युमिनियमची तार अजून भिंतीतच आहे. इन्सुलेशन मोजणारा मेगर लावला तेव्हा तिचं इन्सुलेशन ०.३ मेगओहम आलं, जिथे किमान १ मेगओहम हवं. दिव्या-पंख्यापुरती ती ६ अँपिअरच्या एमसीबीखाली आणि आरसीसीबीच्या नजरेखाली चालू ठेवली आहे. इस्त्री आता हॉलमधल्या नव्या पॉइंटवरच लावतात. घर पुढच्या वेळी रिकामं झालं की ती लाइनही बदलायची असं काकांनी त्याच पानावर लिहून दिलं आहे. इमारतीतल्या बाकीच्या घरांसाठी मीटरखोलीत नव्या अर्थच्या पट्टीवर जागा ठेवली आहे, आणि सचिवांनी प्रत्येक सदनिकेची अर्थपिन तपासून घेण्याची नोटीस फलकावर लावली आहे.